पीओवर ६० दिवस, कायद्यात ४५: अडकलेल्या बिलावरचं व्याज कसं मोजायचं आणि पत्रात कसं दाखवायचं

५ मे २०२५, सोमवार. भोसरीतल्या आमच्या शेडमधून मशीनिंग केलेल्या फ्लँजचा एक लॉट एका मोठ्या कंपनीच्या गेटवर उतरला. बिल ४ लाखांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी ७२ हजार, एकूण ४,७२,००० रुपये. चलनाच्या आमच्या प्रतीवर सिक्युरिटीचा शिक्का त्याच दिवशीचा. त्यांच्या स्टोअरने माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, केलं १४ मे रोजी. पीओवर पेमेंट टर्म छापलेली होती, 'जीआरएन तारखेपासून ६० दिवस'. म्हणजे त्यांच्या सिस्टीमप्रमाणे पैसे १३ जुलैला देय होत होते. १३ जुलै गेला, गणपती गेले. ऑगस्टमध्ये २ लाख आले होते, बाकीचे २,७२,००० दिवाळीनंतरही तसेच अडकले होते.

फोन चालूच होते. "सर, पेमेंट रनमध्ये टाकलंय", "साहेब सहीला बसले की होईल", हे ज्याने धंदा केला त्याला पाठ असतं. फोनची कुठे नोंद राहत नाही. नोंद राहते ती पत्राची, आणि त्यातही ज्या पत्रात व्याजाचा आकडा तारीखवार मांडलेला आहे त्याची. असं पत्र खरेदी विभागाच्या टेबलावरून उठून अकाउंट्समध्ये जातं, कारण त्याचं उत्तर त्यांच्या ऑडिटरला द्यावं लागतं. म्हणून हे व्याज नेमकं कसं काढायचं आणि कसं दाखवायचं, ते याच एका बिलावर दाखवतो.

आधी हे पाहा: हक्क तुमचा आहे का

हे व्याज सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ मधून येतं. आपल्याला लागतात ती कलमं १५ ते २४. कायद्याच्या नावात 'मध्यम' असलं तरी विलंब व्याजाचा हक्क फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगाला आहे. १ एप्रिल २०२५ पासून लघु म्हणजे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत. आपल्यासारख्या बहुतेक वर्कशॉपना ही मर्यादा आडवी येत नाही.

आडवी येते ती उद्यम नोंदणीची तारीख. बरेच जण पैसे अडकल्यावर नोंदणी करायला धावतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ च्या निकालांत नोंदणीच्या आधी केलेल्या पुरवठ्याला हे संरक्षण दिलेलं नाही. हा मुद्दा २०२५ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला सरकारी फी नाही. माल निघण्याच्या आधी, शक्यतो पीओ स्वीकारण्याच्या आधी ती हातात असू द्या. उद्यम क्रमांक आणि 'सूक्ष्म' की 'लघु' हे प्रत्येक बिलावर छापा. त्याने पुढे "तुम्ही एमएसएमई आहात हे आम्हाला माहीतच नव्हतं" हे उत्तर बंद होतं. ट्रेडिंगचीही उद्यम नोंदणी होते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. नुसता माल घेऊन विकणाऱ्याला पुढचं काही लागू नाही.

व्याज कोणत्या दिवसापासून

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि दोन्ही बाजूंनी होतात. आपण बिलाच्या तारखेपासून मोजतो, कंपनी जीआरएनपासून मोजते. कायदा मोजतो माल प्रत्यक्ष पोचला त्या दिवसापासून.

खरेदीदाराला मालाबद्दल हरकत असेल तर ती त्याने माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी कळवायला हवी. तशी हरकत आली नाही, तर माल पोचला तोच दिवस 'स्वीकृतीचा दिवस' धरला जातो. हरकत आली आणि तुम्ही ती दूर केलीत, तर ती दूर झाल्याचा दिवस धरायचा. जीआरएन ही त्यांच्या स्टोअरची अंतर्गत नोंद आहे. ती नऊ दिवस उशिरा केली म्हणून आपले नऊ दिवस जात नाहीत. पण हे सिद्ध करायला गेटचा शिक्का असलेलं चलन लागतं. आमच्याकडे ड्रायव्हरला एकच सूचना आहे: शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढायची नाही, आणि चलनाचा फोटो तिथूनच ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा. मूळ कागद हरवले तेव्हा हे फोटो कामाला आले आहेत. ई-वे बिल आणि ट्रान्सपोर्टची एलआर हाही आधार असतो, पण शिक्क्याइतका पक्का नाही.

स्वीकृतीचा दिवस ठरला की मुदत पाहायची. लेखी पेमेंट टर्म नसेल तर १५ दिवस. सोळाव्या दिवसापासून व्याज चालू. लेखी टर्म असेल तर तेवढे दिवस, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ पेक्षा जास्त नाही. पीओवर ३० दिवस लिहिले असतील तर ३० च, ४५ नव्हे. आणि ६०, ९०, १२० काहीही लिहिलं असलं, आणि त्यावर तुम्ही सही केलेली असली, तरी ४५ व्या दिवशी मुदत संपते. कलम २४ प्रमाणे या तरतुदी विरुद्ध जाणाऱ्या इतर गोष्टींवर मात करतात. "तुम्हीच ६० दिवस मान्य केले होते" या वाक्याने खूप लोक गप्प बसतात. गप्प बसू नका.

आमच्या बिलाचं गणित असं. माल पोचला ५ मे रोजी. पंधरा दिवसांत, म्हणजे २० मेपर्यंत, लेखी हरकत नाही. ५ मे अधिक ४५ दिवस म्हणजे १९ जून. व्याज २० जून २०२५ पासून. म्हणजे मुदत त्यांच्या १३ जुलैपेक्षा २४ दिवस आधी संपली.

दर कोणता

कलम १६ म्हणतं, रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट, आणि चक्रवाढ, दर महिन्याला व्याज मुद्दलात मिळवून. इथे दोन गफलती होतात. एक म्हणजे बँक रेटऐवजी रेपो रेट घेतला जातो, कारण बातम्यांत तोच असतो. दुसरी म्हणजे आपल्या सीसी खात्याचा व्याजदर तिप्पट केला जातो. दोन्ही चूक. बँक रेट रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मुख्य पानावरच्या दरांत 'Bank Rate' या नावाने दिसतो. त्या पानाची प्रिंट काढून पत्राला जोडा, म्हणजे दरावर वाद राहत नाही.

२०२५ मध्ये हा दर चार वेळा उतरला. ७ फेब्रुवारीला ६.५० टक्के झाला, ९ एप्रिलला ६.२५, ६ जूनला ५.७५ आणि ५ डिसेंबरला ५.५०. आमचा काळ २० जून ते नोव्हेंबर, म्हणजे पूर्ण काळ ५.७५. तिप्पट केले की वर्षाला १७.२५ टक्के आणि महिन्याला १.४३७५ टक्के. दर मध्येच बदलला तर बदलाच्या दिवसापासून नवा दर लावायचा. ते पुढे दाखवतो.

हिशेबाचा तक्ता

मुद्दल म्हणून बिलाची जीएसटीसकट रक्कम घ्यायची, कारण खरेदीदार देणं लागतो ती तीच. जीएसटी आपण सरकारला आधीच भरलेला असतो, तोही आपल्याच खिशातून अडकलेला असतो. महिना म्हणजे इंग्रजी महिन्याचा पहिला ते शेवटचा दिवस नव्हे. व्याज २० तारखेला सुरू झालं, तर २० पासून पुढच्या १९ पर्यंत एक महिना.

| काळ | सुरुवातीची बाकी | व्याज | जमा | अखेरची बाकी |
|---|---|---|---|---|
| २० जून ते १९ जुलै | ४,७२,००० | ६,७८५ | – | ४,७८,७८५ |
| २० जुलै ते १९ ऑगस्ट | ४,७८,७८५ | ६,८८३ | – | ४,८५,६६८ |
| २० ऑगस्ट ते १९ सप्टेंबर | ४,८५,६६८ | ४,१०६ | २,००,००० (२० ऑगस्ट) | २,८९,७७४ |
| २० सप्टेंबर ते १९ ऑक्टोबर | २,८९,७७४ | ४,१६६ | – | २,९३,९४० |
| २० ऑक्टोबर ते १९ नोव्हेंबर | २,९३,९४० | ४,२२५ | – | २,९८,१६५ |

तिसऱ्या ओळीत जमा रक्कम महिन्याच्या पहिल्याच दिवशी आली, म्हणून व्याज ४,८५,६६८ मधून २ लाख वजा करून उरलेल्या २,८५,६६८ वर आहे. पाच महिन्यांचं व्याज २६,१६५, बिलाची बाकी २,७२,०००, मिळून २,९८,१६५.

एक्सेलमध्ये हे एका ओळीचं काम आहे. C मध्ये बँक रेट टक्क्याच्या चिन्हासह, जसं 5.75%, D मध्ये त्या महिन्याची बाकी (जमा वजा करून) ठेवली की व्याजाच्या घरात हे टाका आणि खाली ओढा:

```
=ROUND(D2*C2*3/12,0)
```

जमा रक्कम महिन्याच्या मध्येच आली, किंवा बँक रेट मध्येच बदलला, तर तो महिना दोन तुकड्यांत मोडून दिवसांवर मोजायचा. समजा आमचे पैसे डिसेंबरपर्यंत लांबले असते. २० नोव्हेंबर ते ४ डिसेंबर हे १५ दिवस १७.२५ टक्क्यांनी आणि ५ ते १९ डिसेंबर हे १५ दिवस १६.५० टक्क्यांनी. २,९८,१६५ वर पहिल्या तुकड्याचे २,११४ आणि दुसऱ्याचे २,०२२ होतात, एकूण ४,१३६. महिना संपल्यावरच हे मुद्दलात मिळवायचं. दोन तुकडे केले म्हणून दोनदा चक्रवाढ करायची नाही. ऑडिटर पहिली चूक हीच पकडतो, आणि मग बाकीचा बरोबर हिशेबही संशयात जातो.

आलेले २ लाख व्याजात जमा करायचे की मुद्दलात, यावर शेजारच्या शेडमधले काका आणि मी बराच वेळ बोललो होतो. पेमेंट ॲडव्हाइसवर कंपनीने बिल क्रमांक लिहिला असेल, तर ती रक्कम त्या बिलालाच लावावी लागते. आमच्या वेळी तो लिहिलेला होता, म्हणून बिलाची बाकी २,७२,००० आणि तोवरचं व्याज १३,६६८ वेगळं. व्याज महिन्याला मुद्दलात मिळत असल्यामुळे एकूण येण्याच्या आकड्यात याने फरक पडत नाही, पण बिलाची बाकी त्यांच्या लेजरशी तंतोतंत जुळते. माझ्या मते हेच मोलाचं आहे. ज्या पत्रातली बाकी त्यांच्या लेजरशी जुळत नाही, ते पत्र 'रिकन्सिलिएशन चालू आहे' या शेऱ्याखाली महिनाभर पडून राहतं.

पत्रात काय लिहायचं

पहिल्याच स्मरणपत्रात व्याजाचा आकडा मी घालत नाही. पंचेचाळीस दिवस उलटले की एक साधा मेल जातो. त्यात बिल, बाकी आणि एकच वाक्य असतं, 'कायद्यातील कलम १५ प्रमाणे मुदत १९ जून रोजी संपली असून २० जूनपासून कलम १६ खालील व्याज लागू आहे.' पुष्कळ बिलं एवढ्यावर सुटतात. न सुटल्यास दुसरं पत्र तक्त्यासह. ते मेलने जातं आणि कागदावर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टनेही, पोचपावती मागवून. मेल अकाउंट्स पेएबलला, प्रत खरेदी प्रमुखाला आणि फायनान्स प्रमुखाला. फक्त ज्या खरेदी अधिकाऱ्याशी रोजचं बोलणं आहे त्यालाच पाठवलं, तर तो ते स्वतःजवळ ठेवतो. त्याचाही दोष नसतो. पेमेंट त्याच्या हातात नाही.

आमचं २० नोव्हेंबरचं पत्र साधारण असं होतं. इंग्रजीत पाठवायचं असेल तरी क्रम हाच ठेवा.

> विषय: बिल क्र. ०४७/२५-२६, दि. ५ मे २०२५: थकीत रक्कम व विलंब व्याज
>
> मा. व्यवस्थापक, लेखा विभाग,
>
> वरील बिलाचा माल आपल्या कारखान्यात ५ मे २०२५ रोजी पोचला (गेट शिक्क्यासह चलन सोबत). माल मिळाल्यापासून १५ दिवसांत आपल्याकडून कोणतीही लेखी हरकत आलेली नाही.
>
> आम्ही उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग आहोत (प्रमाणपत्र सोबत). सू.ल.म. उद्योग विकास कायदा, २००६, कलम १५ नुसार पैसे देण्याची कमाल मुदत १९ जून २०२५ रोजी संपली.
>
> बिलाची रक्कम: ४,७२,००० रु.
> २० ऑगस्ट २०२५ रोजी मिळाले: २,००,००० रु.
> अ) बिलाची बाकी: २,७२,००० रु.
> ब) कलम १६ नुसार व्याज, २० जून ते १९ नोव्हेंबर २०२५: २६,१६५ रु. (दर: बँक रेट ५.७५% च्या तिप्पट = १७.२५%, मासिक चक्रवाढ, तक्ता सोबत)
> एकूण (अ + ब): २,९८,१६५ रु.
>
> २० नोव्हेंबरपासून पैसे मिळेपर्यंत दररोज अंदाजे १४१ रु. व्याज वाढेल, बँक रेट बदलल्यास त्यानुसार फरक होईल. व्याजावर लागू असलेला जीएसटी वेगळा असून रक्कम मिळाल्यावर त्याची डेबिट नोट देऊ.
>
> कृपया ५ डिसेंबर २०२५ पर्यंत वरील रक्कम जमा करावी. काही रक्कम आपणास मान्य नसल्यास ती कोणती व का, हे याच मुदतीत लेखी कळवावे. कमी रक्कम स्वीकारल्याने उर्वरित बाकी व व्याजावरील आमचा हक्क सुटला असे समजू नये.

दररोजचा आकडा कसा आला? २,९८,१६५ गुणिले १७.२५ टक्के, भागिले ३६५. म्हणजे १४०.९१, जवळपास १४१. ही ओळ छोटी आहे, पण पत्र वाचणारा तिच्यापाशी थांबतो, कारण ती उद्याचा खर्च दाखवते.

जीएसटीची ओळ का? उशिरा पैसे दिल्याबद्दलचं व्याज जीएसटी कायद्यात पुरवठ्याच्या किमतीतच धरलं जातं, पण त्यावरचा कर व्याज हातात येतं तेव्हा लागतो. म्हणून स्मरणपत्रासोबत व्याजाचं टॅक्स इन्व्हॉइस काढू नका. काढलंत तर न मिळालेल्या पैशांवर कर भरून बसाल. व्याज नुसत्या तक्त्यात दाखवा आणि मिळाल्यावर डेबिट नोट काढा. बिलाच्या बाकीत व्याज मिसळून एकच मोठा आकडाही लिहू नका. 'अ' आणि 'ब' वेगळे असले की कंपनी निदान 'अ' लगेच देऊ शकते.

त्यांच्या अकाउंट्सला काय टोचतं

पत्रात धमकी नको. पण चार गोष्टी त्यांच्याच कामाच्या असतात आणि त्या सभ्य भाषेत जोडपत्रात लिहिता येतात.

पहिली इनपुट क्रेडिटची. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. आमच्या बिलाचे १८० दिवस १ नोव्हेंबरला भरले. २,७२,००० मधला जीएसटीचा वाटा ४१,४९२ रुपये. ही ओळ वाचून त्यांच्या टॅक्सवाल्या मॅडमचा आम्हाला स्वतःहून फोन आला. पाच महिन्यांत त्यांच्याकडून आलेला तो पहिलाच फोन.

दुसरी, एमएसएमई-१ फॉर्म. ज्या कंपनीकडे सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे ४५ दिवसांवर पैसे थकलेत, तिला सहामाही विवरणपत्र भरावं लागतं. एप्रिल ते सप्टेंबरचं ३१ ऑक्टोबरपर्यंत, पुढच्या सहामाहीचं ३० एप्रिलपर्यंत. "आमचं बिल आपल्या विवरणपत्रात आलं आहे का, कळवावे" एवढा प्रश्न पुरतो.

तिसरी, आयकर. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ४३ब(एच) प्रमाणे सूक्ष्म वा लघु पुरवठादाराला मुदतीत न दिलेली रक्कम, पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच खर्च म्हणून मिळते. त्यामुळे वर्षभर न हललेली बिलं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुटतात. मात्र याचा उलटा परिणामही पाहिला आहे. काही कंपन्या मग लहान पुरवठादाराकडे ऑर्डर देणंच कमी करतात. त्याची भीती खरी आहे, आणि म्हणून हा मुद्दा मी ओळखीच्या खरेदीदाराला पहिल्या पत्रात लावत नाही.

चौथी, व्याज स्वतःच. कलम २३ प्रमाणे हे व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून मिळत नाही, आणि कलम २२ प्रमाणे ऑडिट होणाऱ्या हिशेबात थकीत रक्कम आणि व्याज वेगळं दाखवावं लागतं. म्हणूनच तुमचा तक्ता बरोबर असला पाहिजे. त्यांचा ऑडिटर तो पुन्हा मोजणार आहे.

उत्तर येतं ते असं

बरेचदा उत्तर म्हणून डेबिट नोट येते. तीन महिन्यांनंतर अचानक 'रिजेक्शन, ३८ नग'. अशा वेळी पहिला प्रश्न एकच: पंधरा दिवसांत लेखी काय कळवलं होतं? व्हॉट्सॲपवर त्यांच्या क्वालिटीवाल्याने काही लिहिलं असेल, तर तेही लेखीच आहे, हे विसरू नका. आपला मोबाइल आधी तपासा. माल खरंच खराब निघाला असेल तर त्या नगांची रक्कम मान्य करून बाकीवर ठाम राहणं बरं. सगळंच नाकारलं की वाद वाढतो आणि तोवर पैसे कोणीच सोडत नाही.

दुसरा कागद बॅलन्स कन्फर्मेशनचा. हा आपल्या फायद्याचाही असतो, कारण देणं मान्य असल्याचा तो लेखी पुरावा आहे. पण त्यात फक्त बिलाची बाकी असते, आणि खाली बारीक अक्षरांत 'याव्यतिरिक्त काही येणं नाही' असं वाक्य असतं. सही करताना आकड्याशेजारी हाताने लिहा, 'कलम १६ खालील व्याज वगळून'. 'फुल अँड फायनल' लिहिलेल्या कागदावर तर हे लिहिल्याशिवाय सही नकोच.

आणि काहीच उत्तर आलं नाही, तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे अर्ज. तो एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवरून ऑनलाइन होतो. महाराष्ट्रात परिषदा विभागवार आहेत. अर्ज आपल्या कारखान्याच्या जागेवरून करायचा. खरेदीदार चेन्नईत असला तरी आपल्याला चेन्नईला जावं लागत नाही. पीओत त्यांनी स्वतःचा लवाद आणि स्वतःचं शहर लिहिलेलं असलं तरी हा मार्ग बंद होत नाही. लागतं ते सगळं पत्रासोबत जोडलेलंच आहे: उद्यम प्रमाणपत्र, पीओ, बिल, शिक्क्याचं चलन, व्याजाचा तक्ता, पत्रांच्या पोचपावत्या. परिषद आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, तो फसला की लवाद. कायद्यात ९० दिवस म्हटलं आहे. प्रत्यक्षात त्याहून खूप जास्त लागू शकतात, हे गृहीत धरूनच जा. पण निकाल तुमच्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला तो कोर्टात आव्हान देऊन रद्द करून घ्यायचा असेल, तर त्याला निकालाच्या ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. मोठ्या कंपनीचा वकील हा आकडा ऐकून तडजोडीची भाषा बोलू लागतो. देय तारखेपासून तीन वर्षं उलटू देऊ नका. नंतर लवादात मुदतबाह्यतेचा मुद्दा उभा राहतो.

एक मर्यादा स्पष्ट सांगतो. खरेदीदाराकडे पैसेच नसतील, तर हे व्याज कागदावर वाढत राहतं, हातात येत नाही. इतर पुरवठादारांचेही पैसे थकलेत, बँकेने मर्यादा गोठवली आहे, असं कानावर आलं तर तक्त्यात वेळ घालवण्यापेक्षा पुढचा माल थांबवून निदान मुद्दल काढून घ्या.

आमच्या बिलाचे २,७२,००० रुपये २८ नोव्हेंबरला जमा झाले. व्याज आलं नाही. २० ते २७ नोव्हेंबरचे आठ दिवस धरून ते २७,२९२ झालं होतं. दुसऱ्या दिवशी खरेदी अधिकाऱ्याचा फोन आला, "दादा, आता व्याज सोडून द्या ना." मी त्यांना सांगितलं की सोडायचं असेल तर तुमच्याकडून तसा मेल येऊ द्या, आणि त्याच मेलमध्ये पुढच्या पीओवर 'माल पोचल्यापासून ४५ दिवस' अशी टर्म लिहून द्या. मेल आला. जानेवारीच्या पीओवर ४५ दिवस छापून आले, जीआरएन हा शब्द गेला. २७,२९२ मी सोडले, आणि व्याजाचा तक्ता त्या पीओच्या फाइलमध्येच लावून ठेवला आहे.